दुसऱ्या विक्रेत्याने तुमचे फोटो उचलले तर: आधी पुरावा, मग तक्रार

प्रश्न: मी हाताने बनवलेले लाकडी दिवे ऑनलाइन विकते. एका विक्रेत्याने माझे फोटो आणि वर्णन जसेच्या तसे उचलून स्वतःच्या नावाने निम्म्या किमतीत विक्रीला ठेवले आहे. त्याला थेट मेसेज करून जाब विचारू की तक्रार करू? आणि यापुढे माझे फोटो कोणी असे वापरू नयेत म्हणून काय करता येईल?

उत्तर:

आज त्याला मेसेज करू नका. तुमचा मेसेज मिळताच तो बहुधा माफी मागणार नाही. तो फोटो थोडे कातरेल, डावे-उजवे उलटवेल, वर्णनातली चार वाक्ये फिरवेल आणि मग ‘हे माझेच आहे’ म्हणायला मोकळा होईल. आत्ता ते पान तुमच्या पानाची तंतोतंत नक्कल आहे, आणि ही तंतोतंत नक्कल हाच तुमचा सर्वांत चांगला पुरावा आहे. तो नीट जपून ठेवेपर्यंत समोरच्याला काही कळू न देणे तुमच्याच हिताचे आहे.

मी छोट्या विक्रेत्यांसाठी उत्पादनांचे फोटो काढतो आणि ते चोरीला गेले की तक्रारींचे कामही पाहतो. या कामात एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. फोटो आपले आहेत हे आपल्याला इतके पक्के ठाऊक असते की ते दुसऱ्याला सिद्ध करून दाखवावे लागेल, हे लक्षातच येत नाही. तक्रार वाचणाऱ्या कर्मचाऱ्यासमोर मात्र दोन पाने असतात, दोन्हींवर तेच दिवे असतात आणि मूळ कोणते हे कुठेही लिहिलेले नसते. त्यामुळे प्रश्न दोन आहेत: नेमके कोणते फोटो आणि कोणता मजकूर कायद्याने तुमचा आहे, आणि ते तुम्ही कशाच्या आधारे दाखवू शकता.

पुरावा जपण्याचे काम एका बैठकीत होते. नक्कल केलेले पूर्ण पान वरपासून खालपर्यंत दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. त्यात पानाचा पत्ता, विक्रेत्याचे नाव आणि संगणकावरची तारीख दिसली पाहिजे. तेच पान पीडीएफ म्हणूनही साठवा. मग एकेक फोटो पूर्ण आकारात उघडून वेगळा उतरवून घ्या, कारण छोट्या चित्रात कातरलेल्या कडा आणि पुसलेल्या खुणा दिसत नाहीत. उत्पादनाचा क्रमांक आणि विक्रेत्याच्या दुकानाची लिंक लिहून ठेवा. दुकानाचे नाव तो रातोरात बदलू शकतो, क्रमांक सहसा तोच राहतो. त्याचे आणि तुमचे अशी दोन्ही पाने इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्येही साठवून पाहा. काही बाजारस्थळांची पाने तिथे नीट उतरत नाहीत, पण उतरली तर एका तिसऱ्याच संस्थेकडची तारीख तुमच्या हाती येते. तुमच्या पानाची एखादी जुनी प्रत तिथे आधीपासून असेल, तर तिच्याइतका सोपा पुरावा दुसरा नाही.

यापुढचा भाग बहुतेक विक्रेते घाईत सोडून देतात: आपल्या पानावरचा प्रत्येक फोटो खरोखर आपला आहे का? कॉपीराइट मिळण्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. कॉपीराइटविषयीचा आंतरराष्ट्रीय बर्न करार १८८६चा आहे, आणि १९०८च्या दुरुस्तीपासून त्यात सदस्य देशांनी संरक्षणासाठी नोंदणीसारखी कोणतीही औपचारिकता अट म्हणून घालू नये असे ठरलेले आहे. फोटो काढला त्या क्षणी हक्क निर्माण होतो. पण तो कोणाचा, हे परिस्थितीवर ठरते. तुम्ही स्वतः काढला असेल तर तो तुमचा. पैसे देऊन छायाचित्रकाराकडून काढून घेतला असेल तर काही देशांत तो ग्राहकाचा मानला जातो, तर अनेक देशांत लेखी हस्तांतर नसेल तर छायाचित्रकाराचाच राहतो, आणि तुमच्याकडे केवळ वापरण्याची परवानगी असते. दिव्याच्या होल्डरचा किंवा वायरचा फोटो पुरवठादाराच्या पानावरून घेतला असेल, तर त्यावर तुमचा काहीच हक्क नाही.

माझ्याकडे आलेले एक प्रकरण इथे उपयोगी पडेल. लाकडी भिंतघड्याळे बनवणाऱ्या एका बाईंच्या पानावरचे सहाच्या सहा फोटो दुसऱ्या विक्रेत्याने उचलले होते. आम्ही बसून प्रत्येक फोटोचा उगम लिहिला, तेव्हा चार त्यांनी स्वतः काढलेले निघाले, एक भाड्याने बोलावलेल्या छायाचित्रकाराने काढलेला होता आणि सहावा, म्हणजे मागच्या यंत्राचा फोटो, यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा होता. तक्रारीत आम्ही फक्त चार घेतले. पाचव्यासाठी छायाचित्रकाराकडून हक्क हस्तांतर केल्याचे छोटे लेखी पत्र सहीसह घेतले आणि तो नंतर जोडला. सहाव्याला हात लावला नाही. बाईंना ते पटत नव्हते, कारण त्यांच्या दृष्टीने सगळे पानच चोरले गेले होते. पण सहांपैकी एक फोटो जरी आपला नाही असे समोरच्याने दाखवून दिले, तर उरलेल्या पाचांवरचा तुमचा शब्दही संशयात येतो. शिवाय आपला नसलेला फोटो जाणूनबुजून आपला म्हणून कळवणे हा स्वतंत्र कायदेशीर धोका आहे; डीएमसीए या अमेरिकेच्या ऑनलाइन कॉपीराइटविषयक कायद्यात अशा खोट्या दाव्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई दावा करणाऱ्याकडून वसूल करण्याची तरतूद आहे.

याच टप्प्यावर स्वतःला आणखी दोन प्रश्न विचारा. तुम्ही कधी कोणाला घाऊक माल दिला आहे का, आणि देताना ‘फोटो वापरा’ असे म्हटले होते का? तुमचा खरा दिवा विकत घेऊन पुढे विकणारा माणूस तो दिवा विकू शकतो. फोटोची परवानगी ही वेगळी बाब असली, तरी तुम्ही ती तोंडी किंवा ईमेलवर दिलेली असेल तर आधी ती लेखी मागे घ्यावी लागेल. दुसरे, हे सगळे अॅमेझॉनसारख्या ठिकाणी घडले आहे का, जिथे एकाच उत्पादनाचे पान अनेक विक्रेत्यांमध्ये सामायिक असते? तिथे फोटो चढवताना आपण बाजारस्थळाला वापराचा व्यापक परवाना देतो, आणि तोच माल विकणारा दुसरा विक्रेता त्याच पानाखाली दिसतो. ती फोटोची नक्कल नव्हे. तो तुमच्या पानाखाली भलताच दिवा पाठवत असेल तर तक्रार खोट्या मालाची करायला हवी, कॉपीराइटची नव्हे. तुमच्या वर्णनावरून त्याने स्वतंत्र पान उघडलेले दिसते, म्हणून पुढचे त्याच गृहीतावर लिहितो.

वर्णनाच्या बाबतीत अपेक्षा थोड्या आवरत्या घ्याव्या लागतात. दिव्याची उंची, लाकडाचा प्रकार, वायरची लांबी, बल्बची क्षमता ही वस्तुस्थिती आहे आणि वस्तुस्थितीवर कोणाचाही कॉपीराइट नसतो. संरक्षण मिळते ते मांडणीला आणि शब्दांना, म्हणजे तुमच्या स्वतःच्या वाक्यांना. ‘सागवानी दिवा, उंची तीस सेंटिमीटर’ ही ओळ तुम्ही अडवू शकत नाही. पण लाकडाच्या रेषा प्रकाशात कशा उजळतात हे सांगणारा तुमचा परिच्छेद शब्दशः उचलला असेल तर तो तक्रारीत घेता येतो. मी तक्रारीत फोटो पुढे ठेवतो आणि मजकुरातली दोन-तीन सलग, वैशिष्ट्यपूर्ण वाक्ये मूळ आणि नक्कल अशी शेजारी शेजारी देतो. तुमची शुद्धलेखनाची एखादी चूक त्याच्या पानावर तशीच आली असेल तर ती आवर्जून दाखवा, कारण स्वतंत्रपणे लिहिणाऱ्याकडून नेमकी तीच चूक त्याच जागी होणे फारच अवघड असते.

आता मालकी दाखवण्याबद्दल. लोक सर्वांत आधी फाइलमधली एक्झिफ माहिती दाखवतात, म्हणजे कॅमेऱ्याचे नाव, तारीख, वेळ. ती द्यावी, पण केवळ तिच्यावर विसंबू नये, कारण ती माहिती कोणालाही बदलता येते आणि बरीच संकेतस्थळे फोटो चढवताना ती काढून टाकतात. खरा भक्कम पुरावा म्हणजे न कातरलेली मूळ फाइल, शक्य असेल तर रॉ स्वरूपातली, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली, आणि त्याच वेळी काढलेले आधीचे-नंतरचे फोटो. कारण सरळ आहे: तुम्ही पानावर टाकलेला फोटो कडा कापून, लहान करून टाकलेला असतो. त्या कडांबाहेर काय होते, टेबलाचा कोपरा, पडद्याची पट्टी, तुमच्या हाताची सावली, हे नक्कल करणाऱ्याकडे असूच शकत नाही. घड्याळांच्या प्रकरणात विक्रेत्याने फोटो उलटवले होते. मूळ फोटोत घड्याळाच्या डाव्या कडेला लाकडाची एक गाठ होती, त्याच्याकडे ती उजवीकडे दिसत होती. आम्ही त्याच बैठकीतले, थोड्या वेगळ्या कोनातून घेतलेले फोटो जोडले. सगळ्यांत गाठ डावीकडेच होती. ते घड्याळ बाईंच्या घरी अजून होते, म्हणून गाठ दिसेल असा एक ताजा फोटोही सोबत दिला. हाताने केलेल्या लाकडी वस्तूचा हा मोठा फायदा आहे की तिच्या रेषा आणि गाठी दुसऱ्या तुकड्यात जशाच्या तशा येत नाहीत. तुमच्या दिव्यांनाही हे लागू आहे.

उलटवलेल्या फोटोमुळे आणखी एक गोष्ट कळली. चित्रावरून शोधण्याच्या साधनांना ते पान सापडलेच नव्हते. ते सापडले वर्णनातले एक लांब वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधल्यावर. म्हणून शोध घेताना गूगल लेन्स किंवा टिनआय यांवर फोटो टाकून पाहाच, फोटो आडवा उलटवूनही टाका आणि वाक्याचाही शोध घ्या. एकाच चोराची किंवा त्याच्यावरून नक्कल करणाऱ्यांची इतर पाने बऱ्याचदा अशीच हाती लागतात.

तक्रार बाजारस्थळाच्या स्वतःच्या बौद्धिक संपदेच्या अर्जातूनच करा. ‘ग्राहक सेवा’ किंवा ‘हे पान चुकीचे वाटते’ या बटणांमागे हे काम पाहणारी माणसे सहसा नसतात. अमेरिकेतील बहुतेक मोठी बाजारस्थळे १९९८च्या डीएमसीए कायद्याच्या चौकटीत काम करतात, आणि इतर देशांतल्या अर्जांतही विचारलेल्या गोष्टी साधारण त्याच असतात. मूळ कृती कोणती, तिची नक्कल नेमकी कोणत्या लिंकवर आहे, तुमचा संपर्क, हा वापर मालकाच्या परवानगीशिवाय झाला आहे असे तुम्ही प्रामाणिकपणे मानता हे विधान, दिलेली माहिती अचूक आहे आणि तुम्ही हक्कदार आहात याचे शपथेइतके गंभीर विधान, आणि सही. ‘त्याच्या दुकानातले सगळे’ असे लिहिलेली तक्रार अनेकदा परत येते. प्रत्येक फोटोसाठी एक ओळ लिहा: माझ्या पानावरचा तिसरा फोटो, त्याच्या पानावरचा पहिला, आडवा उलटवलेला, वरची कड कापलेली. तक्रार वाचणाऱ्याकडे फार थोडा वेळ असतो आणि तुमचे काम त्याला तुलना सोपी करून देण्याचे आहे. त्याची निम्मी किंमत, तुमची मेहनत, ग्राहकांची फसवणूक हे सगळे खरे असले तरी या अर्जात लिहू नका, कारण कॉपीराइटच्या निर्णयाशी त्याचा संबंध नसतो आणि मुख्य मुद्दा त्यात बुडतो.

एक सावधगिरी मात्र बाळगा. तक्रारीतले नाव आणि ईमेल समोरच्या विक्रेत्याला कळवले जाऊ शकते, आणि गूगलला शोधनिकालांतून पान काढण्यासाठी पाठवलेल्या तक्रारींच्या प्रती ल्युमेन नावाच्या सार्वजनिक संग्रहात जाऊ शकतात. म्हणून घरचा पत्ता आणि खासगी क्रमांक न देता व्यवसायाचा स्वतंत्र ईमेल आणि पत्ता वापरा.

त्यानंतर पान उतरते, किंवा समोरून प्रतिदावा येतो. घड्याळांच्या प्रकरणात तो आला: ‘हे फोटो मला कारखान्याने दिले.’ डीएमसीएच्या चौकटीत रीतसर प्रतिदावा आला की तक्रारदाराने न्यायालयात दावा दाखल केल्याचे कळवले नाही, तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत सामग्री परत चढवली जाते. म्हणजे बाजारस्थळ हे न्यायालय नाही आणि कोण खरे याचा अंतिम निर्णय ते करत नाही. पण रीतसर प्रतिदाव्यात खरे नाव, पत्ता, सही आणि न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य असल्याचे विधान द्यावे लागते. त्या विक्रेत्याने हे काहीच दिले नव्हते, नुसता निरोप पाठवला होता. आम्ही उत्तरात मूळ न कातरलेल्या फाइली आणि गाठीचे फोटो पुन्हा जोडले आणि त्याच्याकडून पूर्ण प्रतिदावा मागवावा अशी विनंती केली. तो आला नाही आणि पान उतरलेलेच राहिले. तुमच्या प्रकरणात रीतसर प्रतिदावा आलाच, तर तिथे मात्र वकिलाचा सल्ला घ्या आणि खर्च व नुकसान यांचा हिशेब मांडून ठरवा. अमेरिकेत दावा करायचा झाला तर तिथल्या कृतींसाठी नोंदणी आधी लागते आणि वैधानिक, म्हणजे कायद्यानेच मर्यादा ठरवून दिलेल्या नुकसानभरपाईसाठी ती वेळेत केलेली असावी लागते, त्यामुळे जिथे विक्री मोठी आहे तिथल्या नोंदणीचा विचार आधीच केलेला बरा.

चोराचे स्वतःचे संकेतस्थळ असेल तर रस्ता थोडा लांबतो. डोमेनची सार्वजनिक नोंद पाहून ते कोणत्या होस्टिंग कंपनीवर आहे हे शोधावे लागते आणि तीच तक्रार त्या कंपनीकडे करावी लागते. नोंदीत खरा होस्ट झाकणाऱ्या एखाद्या मधल्या सेवेचे नाव दिसले तर ती सेवा बहुधा खऱ्या होस्टचे नाव कळवते किंवा तक्रार पुढे पाठवते. होस्टने दाद दिली नाही तर शोधनिकालांतून पान काढण्याची तक्रार करता येते. पान जिवंत राहते, पण ग्राहक तिथवर पोहोचत नाहीत. तुमचेही स्वतंत्र संकेतस्थळ असेल तर चोराच्या पानावरचा फोटो नव्या टॅबमध्ये उघडून पत्ता वाचा. पत्ता तुमच्याच संकेतस्थळाचा निघाला तर तो तुमच्या सर्व्हरवरूनच फोटो दाखवतो आहे, आणि पुरावा साठवल्यानंतर होस्टिंगमधले हॉटलिंक संरक्षण चालू करताच त्याच्याकडचे चित्र बंद पडते.

आता पुढच्या काळजीबद्दल. जो फोटो ग्राहकाला दिसतो तो उतरवून घेता येतो, हे मान्य करूनच योजना आखावी लागते. उजव्या क्लिकवर बंदी घालणाऱ्या युक्त्या स्क्रीनशॉटपुढे टिकत नाहीत, आणि त्या लावण्यात वेळ घालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. वॉटरमार्क उपयोगी पडतो, पण त्याला मर्यादा आहेत. कोपऱ्यातला वॉटरमार्क कातरून जातो, मधोमध घातलेला दिवा झाकतो आणि ग्राहकालाही खुपतो. अॅमेझॉनसारख्या ठिकाणी तर मुख्य फोटो पूर्ण पांढऱ्या पार्श्वभूमीवर आणि वॉटरमार्कशिवायच असावा असा नियम आहे. त्यामुळे वॉटरमार्क मी समाजमाध्यमांवरच्या फोटोंपुरता ठेवतो आणि तो वस्तूच्या कडेवरून थोडा आत येईल असा लावतो, म्हणजे तो पुसताना लाकडाच्या रेषा बिघडतात आणि खाडाखोड लक्षात येते.

विक्रीच्या पानांसाठी मी दुसरी पद्धत सुचवतो. फोटोची ओळख फोटोच्या आतच ठेवा. दिव्याच्या तळाशी तुमची खूण कोरलेली असेल तर ती दिसणारा किमान एक फोटो पानावर असू द्या. हातांनी दिवा घासताना किंवा जोडताना काढलेला फोटोही द्या. असे फोटो चोराच्या उपयोगाचे नसतात, कारण ते तुमच्याकडे बोट दाखवतात, आणि त्याने ते वगळले तरी तुमच्या पानावर ते राहतातच, ज्यावरून तक्रार वाचणाऱ्याला मूळ कोणते हे समजते. फोटो चढवताना मूळ आकाराचा न देता, झूम चालेल इतक्याच आकाराचा द्या. लांब बाजू साधारण १६०० ते २००० पिक्सेल असली तर बहुतेक ठिकाणी पुरते, आणि मोठी फाइल केवळ तुमच्याकडेच आहे हा फरक तक्रारीत दाखवता येतो.

मूळ फाइली मात्र शिस्तीने जपा. प्रत्येक दिव्याच्या नावाने एक फोल्डर करून त्यात त्या बैठकीतले सगळे फोटो, नापसंत पडलेलेही, न कातरता ठेवा आणि त्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. नापसंत फोटो पुसून टाकण्याची सवय मी सगळ्यांना सोडायला लावतो, कारण वाद झाला की तेच सर्वांत जास्त उपयोगी पडतात. मेटाडेटातल्या, म्हणजे फाइलीतच साठवलेल्या माहितीतल्या, कॉपीराइटच्या रकान्यात तुमचे नाव आणि संपर्क भरा. चढवताना ते बऱ्याचदा गळून पडते, पण मूळ फाइलीत राहते. पुढच्या वेळी छायाचित्रकार बोलावलात तर हक्क तुमच्याकडे हस्तांतरित होत असल्याची ओळ पावतीबरोबर लेखी घ्या. आणि विक्री चांगली असलेल्या दोन-चार दिव्यांचा शोध महिन्यातून एकदा, फोटोवरून आणि वाक्यावरून, असा दोन्ही प्रकारे घ्या.

तुमच्या दिव्यासारखा दिवा बनवून त्याने स्वतःच्या फोटोंनिशी विकायला ठेवला, तर वरचे काहीही लागू होत नाही. तो डिझाइनच्या किंवा ट्रेडमार्कच्या संरक्षणाचा वेगळा विषय आहे. पण बहुतेक चोर इतकी मेहनत घेत नाहीत. पान उतरल्यावर ते तेच फोटो नव्या नावाने पुन्हा चढवतात. तसे झाले तर पहिल्यापासून सगळे समजावत बसू नका. आधीच्या तक्रारीचा क्रमांक, आधीच्या पानाचा साठवलेला स्क्रीनशॉट आणि नव्या पानाची लिंक एवढेच पाठवा आणि हा तोच विक्रेता असल्याचे का वाटते ते एका वाक्यात लिहा: तीच उलटवलेली चित्रे, तोच परतीचा पत्ता, वर्णनातली तीच चूक. डीएमसीएखाली संरक्षण हवे असलेल्या बाजारस्थळाला वारंवार उल्लंघन करणाऱ्यांची खाती बंद करण्याचे धोरण ठेवावेच लागते, आणि ते धोरण लागू होण्यासाठी तुमच्या तक्रारी एकमेकींना जोडलेल्या दिसल्या पाहिजेत.